खारट सांडपाण्याचा सीओडी: शनिवारी ६४०, बुधवारी १५०. खरा कुठला?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका मासळी प्रक्रिया कारखान्याच्या ईटीपी लॅबमध्ये केमिस्ट आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत आमच्या आउटलेटचा सीओडी १४० ते १६० च्या आसपास येतो. शनिवारी मात्र तो अचानक ६०० च्या पुढे जातो. मर्यादा २५० ची, त्यामुळे दर शनिवारी प्लांट मॅनेजर आणि ईटीपी ऑपरेटर यांच्यात वाद होतो. ऑपरेटरचं म्हणणं, एरेशन टँक व्यवस्थित आहे, गाळ चांगला बसतोय. मला ते पटतं, कारण त्याच शनिवारच्या नमुन्याचा तीन दिवसांचा बीओडी २२ आला होता.

शनिवारी ब्राइनच्या टाक्या रिकाम्या करतात आणि सॉफ्टनरचं रिजनरेशनही त्याच दिवशी होतं. म्हणून आउटलेटचं क्लोराइड काढलं, ते ७९०० मिग्रॅ प्रति लिटर निघालं. बुधवारी १५०० होतं.

पद्धत नेहमीची, उघड्या रिफ्लक्सची. २० मिली नमुना, ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, १० मिली ०.२५ नॉर्मल डायक्रोमेट, ३० मिली सिल्व्हर सल्फेटवालं सल्फ्युरिक, दोन तास रिफ्लक्स, मग ०.१ नॉर्मल एफएएसने फेरोइनवर टायट्रेशन. शनिवारचे आकडे असे:

```
Blank  = 24.8 ml
Sample = 8.8 ml
COD = (24.8 - 8.8) x 0.1 x 8000 / 20 = 640 mg/L
```

मर्क्युरिक सल्फेट घातल्यावर क्लोराइडचा त्रास होत नाही असंच शिकले आहे. मग हा आकडा खरा धरायचा का?

ईटीपीवाला_तळोजा

ताई, हा क्लोराइडचाच खेळ आहे, सीओडी वाढलेला नाही. डायक्रोमेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करतो आणि त्याचा क्लोरीन होतो. हिशेब सोपा आहे: १ मिग्रॅ क्लोराइड म्हणजे ०.२२६ मिग्रॅ सीओडी. क्लोराइड मोजा, ०.२२६ ने गुणा आणि आलेल्या सीओडीमधून वजा करा. आमच्याकडे जुने केमिस्ट असंच करायचे. नाहीतर मर्क्युरिक सल्फेट वाढवा, ०.४ च्या जागी १.६ ग्रॅम टाका. मी टाकतो, आकडा खाली येतो.

खाडीकाठ

@ईटीपीवाला_तळोजा, करून पाहिलं. ७९०० × ०.२२६ = १७८५. ६४० मधून १७८५ वजा केले तर सीओडी उणे ११४५ येतो!

सोसायटी_सचिव

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या एसटीपीलाही हाच प्रॉब्लेम होता. शेवटी हायपो डोसिंग आहे, त्यामुळे पाण्यात क्लोरीन उरतो. लॅबवाल्याने सांगितलं की नमुन्यात थोडं सोडियम थायोसल्फेट टाका, क्लोरीन मरतो. बीओडीच्या वेळी आम्ही तसंच करतो. तुम्हीही करून पाहा, सोपा उपाय आहे.

पाणतपास

@सोसायटी_सचिव, तुमचा मुद्दा उरलेल्या क्लोरीनचा, म्हणजे जंतुनाशक म्हणून घातलेल्या हायपोचा आहे. बीओडीसाठी ते बरोबर, तो क्लोरीन राहिला तर बाटलीतले जिवाणू मरतात. ताईंच्या नमुन्यात आहे ते क्लोराइड, म्हणजे साधं मीठ. थायोसल्फेटचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. उलट थायोसल्फेट स्वतः डायक्रोमेट खातं, त्यामुळे सीओडी आणखी वाढेल. सीओडीच्या नमुन्यात थायोसल्फेट घालू नका, तुमच्या एसटीपीच्या नमुन्यातसुद्धा. घातलंच असेल तर तेवढंच ब्लँकमध्येही हवं.

आता मूळ प्रश्न. एका सरकारी पाणी प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, खाडीचे आणि बंदराचे नमुने पुष्कळ हाताळले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तळोजावाल्यांचा ०.२२६ हा आकडा चुकीचा नाही. समीकरण असं:

```
Cr2O7(2-) + 6 Cl(-) + 14 H(+) -> 2 Cr(3+) + 3 Cl2 + 7 H2O
```

क्लोराइडचा प्रत्येक आयन एक इलेक्ट्रॉन देतो. म्हणून ३५.४५ ग्रॅम क्लोराइडमागे ८ ग्रॅम ऑक्सिजनइतका डायक्रोमेट खर्च होतो, ८ भागिले ३५.४५ म्हणजे ०.२२६. पण सगळं क्लोराइड ऑक्सिडाइझ होत असेल तरच हे लागू पडतं. तुमच्या फ्लास्कमध्ये तसं होत नाही. तिथे त्याला तीन वाटा असतात. काही पाऱ्याला चिकटतं, काही चांदीला चिकटून पांढरा साका होतं, आणि उरलेलं मोकळं क्लोराइड डायक्रोमेटच्या हाती लागतं. कोणता वाटा किती, हे पारा, चांदी, आम्ल आणि तापमान यांवर ठरतं, शिवाय क्लोरीन किती वेगाने वर निघून जातो त्यावरही. वजाबाकीला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तुमचं उत्तर उणे आलं. मर्क्युरिक सल्फेट वापरात येण्यापूर्वी अशी वजाबाकी करायची रीत होती. १९६३ मध्ये डॉब्ज आणि विल्यम्स यांनी पारा घालून क्लोराइड बांधून ठेवायचा उपाय मांडला आणि ती मागे पडली.

आता तुमच्या फ्लास्कमधला पारा मोजू. नियम दहास एक: १ मिग्रॅ क्लोराइडमागे १० मिग्रॅ मर्क्युरिक सल्फेट. ०.४ ग्रॅम म्हणजे ४०० मिग्रॅ, तो ४० मिग्रॅ क्लोराइड सांभाळतो. २० मिली नमुन्यात ४० मिग्रॅ म्हणजे लिटरला २०००. पद्धतीत २००० मिग्रॅ प्रति लिटरची मर्यादा दिसते ती यातूनच. बुधवारच्या नमुन्यात ३० मिग्रॅ क्लोराइड होतं, ते बसलं. शनिवारच्या २० मिलीत १५८ मिग्रॅ आहे, तिथे प्रमाण दहास एकऐवजी जेमतेम अडीचास एक राहिलं. म्हणून ६४० हा आकडा धरू नका. आणि त्यातून काही वजा करून खरा आकडा काढायचाही प्रयत्न करू नका.

नमुना पाचपट पातळ करा. क्लोराइड १५८० होईल, फ्लास्कमध्ये ३१.६ मिग्रॅ, आणि ०.४ ग्रॅम पारा त्याला पुरेल. आकडे इथे टाका.

एमएस्सी_चिपळूण

सर, एक शंका. रसायनशास्त्राच्या हिशेबाने मर्क्युरिक क्लोराइड बनायला एका पाऱ्याला दोन क्लोराइड लागतात. म्हणजे मर्क्युरिक सल्फेट आणि क्लोराइड यांचं वजनी प्रमाण ४.२ च्या आसपास पुरायला हवं. मग दहा का?

पाणतपास

चांगला प्रश्न. मर्क्युरिक क्लोराइड पाण्यात विरघळलेलंच राहतं, साक्यासारखं खाली बसून बाजूला होत नाही. पारा आणि क्लोराइड यांच्यात समतोल असतो आणि अगदी थोडं क्लोराइड सतत मोकळं राहतं. गरम आम्लात डायक्रोमेट तेवढंच खातो, त्याचा क्लोरीन कंडेन्सरमधून वर निघून जातो, आणि समतोल सांभाळायला पारा आणखी थोडं क्लोराइड सोडतो. हे दोन तास चालू राहतं. पारा भरपूर असला की मोकळं क्लोराइड फार कमी राहतं आणि गळती संथ होते. दहाच्या प्रमाणात दर क्लोराइडमागे एकापेक्षा थोडे जास्तच पाऱ्याचे आयन असतात. गळती पूर्ण थांबत नाही, पण खपण्याइतकी कमी होते. आयएसओ ६०६० पद्धत तर आणखी सावध आहे. तिथे १० मिली नमुन्याला ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट असतं आणि क्लोराइडची मर्यादा १००० च ठेवली आहे. म्हणजे मर्यादेवरसुद्धा प्रमाण चाळीसास एक.

क्लोरीन बाहेर पडतोय का हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर स्टार्च-आयोडाइडचा कागद ओला करून कंडेन्सरच्या तोंडाशी धरा. शनिवारच्या न पातळ केलेल्या नमुन्यावर तो निळा-काळा होईल. पुरेसा पारा असलेल्या नमुन्यावर रंग येत नाही किंवा फार उशिरा, फिका येतो. बुधवारच्या नमुन्याशेजारी ठेवून तुलना केलीत तर ऑपरेटरलाही दाखवता येईल.

व्हायल_विनया

मी वापीत एका रंग कारखान्यात आहे, माहेर पालघरचं. आमच्याकडे तयार व्हायल वापरतात: २ मिली नमुना टाकायचा, १५० अंशांवर दोन तास, मग फोटोमीटर. व्हायलवर क्लोराइड २००० पर्यंत चालेल असं लिहिलेलं आहे. माझ्या नमुन्यात क्लोराइड १२००० असतं आणि पातळ न करता टाकलं की दोन गोष्टी होतात. आत दह्यासारखं पांढरं काहीतरी दिसतं, आणि आकडा कधी जास्त तर कधी चक्क कमी येतो. एकाच नमुन्याच्या दोन व्हायलींत दोन वेगळे आकडे. खाडीकाठ, तुमच्याकडे फक्त वाढतोच का?

पाणतपास

@व्हायल_विनया, पांढरं दिसतं ते सिल्व्हर क्लोराइड. आकडा कमी येतो तोही त्यामुळेच, आणि ही बाजू लोक विसरतात.

चांदी उत्प्रेरक म्हणून घातलेली असते. सरळ साखळीच्या आम्लांना, विशेषतः अ‍ॅसिटिक आम्लाला, चांदीशिवाय डायक्रोमेट नीट हात लावत नाही. पारा कमी पडला की मोकळं क्लोराइड चांदीला पकडतं. खाडीकाठ यांच्या ३० मिली आम्लात किती चांदी आहे पाहा. किलोला ५.५ ग्रॅम सिल्व्हर सल्फेट या प्रमाणाने ती साधारण ०.३ ग्रॅम भरते आणि ६९ मिग्रॅ क्लोराइड तिला पूर्ण संपवू शकतं. चांदी साक्यात गेली की सेंद्रिय पदार्थांचं ऑक्सिडेशन अपुरं राहतं आणि सीओडी खाली जातो. त्याच वेळी मोकळं क्लोराइड सीओडी वर ओढतं. म्हणजे दोन उलट दिशेच्या चुका एकाच फ्लास्कमध्ये. कोणती जिंकेल ते नमुन्यावर ठरतं. म्हणून खारट पाण्यात चुकीचा आकडा कधी योगायोगाने बरोबरही दिसतो, आणि त्यात धोका जास्त आहे.

तुमच्या व्हायलमध्ये आणखी एक फरक आहे. टोपण घट्ट असल्याने क्लोरीन बाहेर जात नाही, आतच राहून थोडंफार काम करतो. उघड्या रिफ्लक्समध्ये तो निघून जातो. त्यामुळे दोन्हींच्या चुका सारख्या येत नाहीत आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही. शिवाय फोटोमीटर गढूळपणालाही रंग समजतो. साका पूर्ण खाली बसू द्या, व्हायल हलवू नका. पण मुळात १२००० क्लोराइडचा नमुना त्या व्हायलमध्ये तसाच घालणं बंद करा.

एमएस्सी_चिपळूण

म्हणजे आधी पारा घालून मग चांदीवालं आम्ल, हा क्रम त्यामुळेच? आमच्या प्रॅक्टिकलला सगळं एकदम ओततात.

पाणतपास

हो. कोरड्या फ्लास्कमध्ये मर्क्युरिक सल्फेट, त्यावर नमुना, आणि फिरवत राहायचं. मग आम्लातलं ५ मिली अगदी हळू, फ्लास्क थंड पाण्यात धरून, म्हणजे उडून जाणारे पदार्थ जात नाहीत आणि पारा विरघळतो. तो पूर्ण विरघळला की डायक्रोमेट, मग फ्लास्क कंडेन्सरला लावायचा आणि उरलेलं आम्ल कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून. तापवण्याआधी पुन्हा नीट फिरवायचं, नाहीतर तळाशी बसलेलं जड आम्ल एकदम उसळतं. पारा विरघळण्याआधी चांदी आली तर सिल्व्हर क्लोराइडचे गोळे बनतात. ते नंतर पुरते सुटत नाहीत, आणि चांदी तेवढी कमीच राहते. आम्ल घातल्यावर किंचित धुरकटपणा आला तर चालतो. दह्यासारखं दिसलं तर तो फ्लास्क पुढे नेऊ नका.

ईटीपीवाला_तळोजा

सर, वजाबाकीचं मान्य. पण पारा वाढवण्याला काय हरकत आहे? १.६ ग्रॅम म्हणजे तुमचाच दहास एकचा नियम ना? १५८ मिग्रॅला १६०० मिग्रॅ. पातळ करण्यापेक्षा बरं. पाचपट पातळ केलं की चूकही पाचपट होते.

पाणतपास

प्रमाण तुम्ही बरोबर पकडलंत, आणि पातळ केल्याने चूक पाचपट होते हेही खरं आहे, त्याकडे येतो. पण प्रमाण तेच राहिलं तरी क्लोराइडचा एकूण साठा पाचपट आहे आणि गळती त्या साठ्यातून होते. म्हणून २००० च्या वर नुसता पारा वाढवून पद्धतीची खात्री देता येत नाही. इतका पारा सगळा विरघळतही नाही, तळाशी पिवळसर-पांढरा थर राहतो.

दुसरं असं की ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेटमध्ये ०.२७ ग्रॅम पारा असतो. सांडपाण्यातल्या पाऱ्याची मर्यादा ०.०१ मिग्रॅ प्रति लिटर. एका फ्लास्कमधला पारा पातळ करून त्या मर्यादेत आणायचा तर २७,००० लिटर पाणी लागेल. तुमच्या १.६ ग्रॅमचं तेच गणित लाखाच्या वर जातं. मर्यादा पाळण्यासाठी मोजतो आणि मोजताना पारा सिंकमध्ये ओततो, असं होता कामा नये. रिफ्लक्सचं उरलेलं द्रव वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं, त्यात सहासंयुजी क्रोमियम आणि चांदीही असते. ते घातक कचरा म्हणून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच जायला हवं. तुमच्या तळोज्यातच असं केंद्र आहे.

ईटीपीवाला_तळोजा

कॅनमध्ये साठवतो सर, त्यात कधी कसूर नाही. १.६ चं पुन्हा तपासून बघतो.

माइनकाठ

मी फ्रँकफुर्टजवळ एका पाणी प्रयोगशाळेत काम करतो, मूळचा सांगलीचा. इथे जास्त क्लोराइडच्या नमुन्यांसाठी जर्मन मानकात वेगळी वाट आहे. डायक्रोमेट घालण्याआधीच नमुन्यात थंड ठेवून संहत सल्फ्युरिक आम्ल घालतात, क्लोराइडचं हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडतं आणि फ्लास्कच्या तोंडाशी टांगलेल्या सोडा लाइममध्ये अडकतं. मग नेहमीचं रिफ्लक्स. पारा वाचतो, पातळही करावं लागत नाही. पण वेळ बराच जातो आणि उडून जाणारे सेंद्रिय पदार्थ त्याबरोबर गेले तर आकडा कमी येतो. मासळीच्या पाण्यात असे पदार्थ किती असतील?

पाणतपास

चांगली पद्धत आहे. अमाइन्स आम्लात क्षार होऊन राहतात, ते उडणार नाहीत. उडालीच तर छोटी आम्लं. पण इथे कन्सेंटच्या अहवालाला मान्य पद्धतीचाच आकडा लागतो. घरच्या तपासणीला ती करून बघायला हरकत नाही.

खाडीकाठ

आकडे आणले आहेत. शनिवारचा नमुना आम्ल घालून फ्रिजमध्ये ठेवला होता, त्यावरच केलं.

पाचपट पातळ, ०.४ ग्रॅम पारा, क्रम पाणतपास सरांनी सांगितला तसा:

```
Blank  = 24.8 ml
Sample = 24.0 ml
COD = 0.8 x 0.1 x 8000 / 20 x 5 = 160 mg/L
```

शेजारच्या दोन फ्लास्कमध्ये १८० आणि १५० आले.

शिवाय विनयाताईंच्या प्रश्नावरून मीठ-पाण्याचे फ्लास्कही लावले. नुसत्या शुद्ध पाण्यात मीठ विरघळवून क्लोराइड १५८० केलं, लिटरला २.६ ग्रॅम. त्याला ०.४ ग्रॅम पारा दिला. सेंद्रिय काही नाही, म्हणजे सीओडी शून्य यायला हवा. एफएएस २४.६ लागलं. ०.२ मिली फरक, म्हणजे ८ मिग्रॅ प्रति लिटर. दुसऱ्या मीठ-पाण्यात क्लोराइड ७९०० ठेवलं आणि पारा तोच ०.४. त्याचा सीओडी ४१० आला, कागद लगेच निळा-काळा झाला आणि फ्लास्कमध्ये पांढरा साका दिसला. शनिवारच्या न पातळ केलेल्या नमुन्यावरही कागदाचं तेच झालं. बुधवारच्या नमुन्यावर कागद पांढराच राहिला. ऑपरेटर शेजारी उभा होता.

दोन गोष्टी कळत नाहीत. एक, पातळ मीठ-पाण्याचे ते ८ पाचने गुणले तर ४० होतात, ते १६० मधून वजा करायचे का? दोन, ७९०० च्या मीठ-पाण्याने ४१० दिलं आणि खरा सीओडी १६० असेल तर एकत्र ५७० व्हायला हवे होते, माझ्याकडे ६४० आले होते. वरचे ७० कुठून आले?

पाणतपास

खूप नेमकं काम केलंत.

आधी १५०, १६० आणि १८० चा फरक. तुमच्या टायट्रेशनमध्ये ०.०५ मिली, म्हणजे एखादा थेंब, हा २ मिग्रॅ प्रति लिटर होतो. पाचपट केल्यावर १०. ब्लँक आणि नमुना दोन्हींत थेंबाची चूक धरली तर २० पर्यंत सहज जाते. तळोजावाल्यांचा मुद्दा इथे खरा ठरतो. म्हणून आकडा सांगताना १६० च्या आसपास एवढंच म्हणा. २५० च्या मर्यादेपासून तो सुरक्षित अंतरावर आहे, तुमच्या कामाला तेवढं पुरेसं आहे. सीओडी २३० असता तर या पद्धतीने मी छातीठोक काही सांगितलं नसतं. एफएएस ०.०५ नॉर्मल करून बारीक ब्युरेट वापरलीत तर वाचनातली चूक थोडी कमी होईल. डायक्रोमेट मात्र खूप पातळ करू नका. तिथे मर्क्युरिक सल्फेटमधली अशुद्धी आणि शुद्ध पाण्यातला सेंद्रिय अंशही मोठा दिसायला लागतो. ब्लँकमध्येही तेवढाच पारा घालायचा तो त्यासाठीच.

आता ४० वजा करायचे का? मी अहवालात करणार नाही. पद्धतीत ही वजाबाकी नाही, आणि नमुन्यातलं क्लोराइड अगदी मीठ-पाण्यासारखंच वागेल याची खात्री नाही. वहीत मात्र लिहून ठेवा: खरा आकडा १६० पेक्षा थोडा कमी असण्याची शक्यता आहे, जास्त असण्याची कमी.

वरच्या ७० साठी माझा संशय अमोनियावर आहे. एकट्या अमोनियाला डायक्रोमेट हात लावत नाही. पण क्लोरीन तयार होत असेल तर तो अमोनियाला नायट्रोजनपर्यंत नेतो आणि स्वतः पुन्हा क्लोराइड होतो. ते क्लोराइड पुन्हा डायक्रोमेटकडे जातं. असं चक्र चालू राहतं आणि क्लोराइडच्या हिशेबापेक्षाही जास्त डायक्रोमेट खर्च होतो. मासळीच्या आउटलेटला अमोनिया असणारच. किती आहे?

खाडीकाठ

अमोनिया नायट्रोजन ३८.

पाणतपास

नायट्रोजन वायूपर्यंत गेला तर १ मिग्रॅ अमोनिया नायट्रोजनला १.७१ मिग्रॅ ऑक्सिजन. ३८ × १.७१ म्हणजे ६५. तुमच्या ७० च्या अगदी जवळ. तरी हा पुरावा धरू नका. चांदी साक्यात गेल्याने काही सेंद्रिय भाग सुटलाही असेल, आणि एक चूक दुसरीला झाकत असेल. तपासायचं असेल तर ७९०० च्या मीठ-पाण्यात अमोनियम सल्फेट घालून नायट्रोजन ३८ करा आणि ४१० किती वर जातो ते पाहा. अमोनियम क्लोराइड नको, क्लोराइड वाढेल.

व्हायल_विनया

४० वजा न करण्यावर मी सहमत नाही सर. क्लोराइडचा ब्लँक लावला आहे, तो स्थिर येत असेल तर तो पद्धतीचाच दोष आहे आणि वजा करायला हवा. चीनमध्ये तर क्लोराइड जास्त असताना बाहेर पडणारा क्लोरीन अल्कलीत पकडून, मोजून, सीओडीमधून रीतसर वजा करायची मानक पद्धत आहे. मग मीठ-पाण्याच्या ब्लँकला विरोध का?

पाणतपास

तिथे त्याच फ्लास्कमधून त्याच वेळी निघालेला क्लोरीन मोजतात, म्हणून वजाबाकीला आधार आहे. आपण दुसऱ्या फ्लास्कमधलं मीठ-पाणी मोजतो, त्यात अमोनिया नाही, सेंद्रिय काही नाही. तरी तुमचं म्हणणं निराधार नाही. एकाच आउटलेटवर मीठ-पाण्याचा ब्लँक बरेच आठवडे सारखा येत असेल तर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहिणं मला चालेल. एकटा वजा केलेला आकडा नको.

माइनकाठ

टीओसी यंत्राची सोय असेल तर शनिवारचा आणि बुधवारचा नमुना त्यावरही तपासा. त्याचा आकडा थेट सीओडी नव्हे, पण दोन्ही दिवसांचा टीओसी जवळपास सारखा आला तर सेंद्रिय भार वाढलेला नाही हे दिसेल. खारट नमुना मात्र यंत्राला पातळ करूनच द्या, मीठ नळीत साचतं.

एमएस्सी_चिपळूण

चांदी टिकली आहे का हे कसं तपासायचं? पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटचं प्रमाणित द्रावण चालेल ना? आम्ही नेहमी ४२५ मिग्रॅचं ५०० सीओडी वापरतो.

पाणतपास

ते टायट्रेशन आणि द्रावणं ठीक आहेत का यासाठी उत्तम. चांदीची परीक्षा मात्र अ‍ॅसिटेटवर घ्या, कारण चांदी कमी पडली तर पहिला फटका त्यालाच बसतो. सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेट लिटरला १.०६३ ग्रॅम म्हणजे सीओडी ५००. ते १५८० क्लोराइडच्या मीठ-पाण्यातच बनवा आणि ०.४ ग्रॅम पारा देऊन लावा. ५०० च्या जवळ आलं तर चांदी शाबूत आहे. ४०० च्या खाली गेलं तर आम्लातलं सिल्व्हर सल्फेट पूर्ण विरघळलं होतं का ते आधी पाहा. त्याला एक-दोन दिवस लागतात, आणि घाईत वरचं आम्ल वापरलं की चांदी बाटलीच्या तळाशीच राहते.

खाडीकाठ

अ‍ॅसिटेट लावलं. ५०० च्या जागी ४८४ आलं. अमोनियम सल्फेटचा फ्लास्कही लावला: ४१० चा आकडा ४५५ झाला. म्हणजे अमोनियाने ४५ वाढवले, ६५ नाहीत. उरलेल्या २५ चं काय ते अजून कळलेलं नाही.

मॅनेजरना दोन्ही दिवसांचे कागद दाखवले. आता शनिवारच्या नमुन्याचं आधी क्लोराइड काढायचं, २००० च्या वर असेल तर पातळ केल्याशिवाय सीओडी लावायचा नाही, आणि अहवालात क्लोराइड आणि किती पट पातळ केलं हे दोन्ही लिहायचं असं ठरलं. ब्राइनच्या टाक्या एकदम न सोडता आठवडाभर थोड्या थोड्या इक्वलायझेशन टँकमध्ये सोडता येतील का, हे ऑपरेटर बघतोय.

पाणतपास

ब्राइन हळूहळू सोडलं तर एरेशन टँकमधल्या जिवाणूंनाही बरं, त्यांना मिठाचा अचानक धक्का सोसत नाही. २५ साठी ट्रायमिथाइल अमाइनकडे बघा. मासळीत ते असतंच, आणि क्लोरीन असताना त्यातला नायट्रोजनही खर्च करू शकतो. त्याचं द्रावण तुमच्याकडे नसेल तर सध्या राहू द्या. ते २५ फक्त न पातळ केलेल्या फ्लास्कचे आहेत, आणि तो आकडा तुम्ही आता वापरणार नाही.

ईटीपीवाला_तळोजा

सर, मीही मीठ-पाणी लावून पाहिलं. ७९०० क्लोराइड आणि १.६ ग्रॅम पारा, सीओडी ३५ आला. म्हणजे बराच आवरला, पण शून्य नाही. ताईंच्या पातळ केलेल्या ४० च्या जवळपासच. म्हणजे गळती दोन्हीकडे तेवढीच, पारा मात्र चौपट. आता मी पण पातळ करूनच लावतो.

व्हायल_विनया

माझे १२००० वाले मी आठपट पातळ करून लावते आहे. दोन व्हायलींतले आकडे आता जुळताहेत. मीठ-पाण्याचा ब्लँक महिनाभर रोज लावणार आहे. स्थिर आला तर वजाबाकीच्या मुद्द्यावर पुन्हा बोलू, पाणतपास सर.